बरेच दिवस न आलेल्या क्लायंटला काय लिहावं?

प्रश्न: माझं छोटं सलॉन आहे, दोन स्टायलिस्ट आणि मी. रजिस्टर चाळलं तर पूर्वी नेमाने येणाऱ्या बऱ्याच जणी गेल्या काही महिन्यांत दिसलेल्याच नाहीत. 'वी मिस यू, वीस टक्के सूट' असा मेसेज सगळ्यांना टाकला. फारसं कुणी आलं नाही, आणि एकीने 'प्लीज मेसेज करू नका' असं उत्तर पाठवलं. मागे लागल्यासारखं वाटू नये, त्यांना अपराधीही वाटू नये, असा मेसेज कसा लिहायचा?

उत्तर:

तुमच्या मेसेजमध्ये दोन गोष्टी होत्या: आम्हाला तुमची आठवण येते आणि आम्ही स्वस्तात करून देऊ. दोन्ही सलॉनच्या बाजूने बोलणाऱ्या आहेत. त्या बाईंना परत यायला नेमकं काय आडवं येतंय, याचा त्यात विचारच आलेला नाही. शब्दांकडे मी नंतर येते, कारण माझ्या अनुभवात मेसेज बिघडतो तो लिहायला बसण्याआधी, म्हणजे कुणाला पाठवायचा आणि कोणतं कारण द्यायचं इथेच.

आधी येणं थांबतं कसं ते पाहू. रागावून जाणाऱ्या थोड्या असतात. बहुतेकींचं असं होतं की एकदा हवी ती वेळ मिळाली नाही, घाई होती, म्हणून दुसरीकडे कट करून घेतला किंवा घरीच रंग लावला. मग पुढच्या वेळी तुमच्याकडे यायचं म्हणजे हे दिसणार. स्टायलिस्टला केसात बोटं घातल्याबरोबर कळतं हे त्यांना ठाऊक असतं. त्या अवघडलेपणात आणखी एक महिना जातो, आणि जितका काळ जातो तितकं फोन उचलून वेळ मागणं जड होतं. म्हणजे 'इतके दिवस आला नाहीत' ही जाणीव त्यांच्या मनात आधीच आहे. 'मिस यू' म्हटलं की आपण नेमकं त्याच जागी बोट ठेवतो. चांगला मेसेज परत येण्यातला अवघडपणा काढून घेतो, एवढंच त्याचं काम.

आता यादी. 'तीन महिने आली नाही ती गेली' हा सरसकट नियम सॉफ्टवेअरला सोयीचा आहे, पण सलॉनमध्ये तो चालत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे रूट टच-अपवाली चार ते सहा आठवड्यांनी येते, आखूड कट ठेवणारीही साधारण तितक्याच दिवसांनी, आणि लांब केसांची फक्त टोकं कापून घेणारी तीन-चार महिन्यांनी. तीन महिन्यांचा नियम लावला तर लांब केसांच्या बाईंना विनाकारण टोकलं जातं, आणि थ्रेडिंगला दर तीन आठवड्यांनी येणारी कधीच निघून गेलेली असते. मी प्रत्येकीच्या कार्डावरच्या शेवटच्या चार-पाच भेटी बघते, त्यांच्यातलं नेहमीचं अंतर काढते आणि त्याच्या दुपटीहून जास्त काळ गेला असेल तरच नाव यादीत घेते. सहा आठवड्यांनी येणारी साधारण तेरा आठवड्यांनंतर, चार महिन्यांनी येणारी आठ महिन्यांनंतर. एकदाच येऊन गेलेल्या बाईंना या यादीत घेऊ नका. त्यांना सवयच लागलेली नव्हती, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

या यादीतूनही काही नावं काढावी लागतात. शेवटच्या भेटीत तक्रार झाली असेल तर मेसेज पाठवू नका, मालक म्हणून तुम्ही स्वतः फोन करा आणि फक्त त्या तक्रारीबद्दल बोला. घरात आजारपण किंवा दुःख आहे हे माहीत असेल तर थांबा. आणि ज्यांनी 'मेसेज करू नका' असं लिहिलं त्यांना 'नाव काढलं आहे, कळवल्याबद्दल आभार' एवढं एक उत्तर द्या आणि नाव खरोखर काढा, कार्डावर तशी खूण करून. नाहीतर पुढच्या सणाच्या शुभेच्छा त्यांना पुन्हा जातात.

हे परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगते. तुमची एखादी स्टायलिस्ट सोडून गेली असेल आणि तिच्या क्लायंट तिच्याबरोबर गेल्या असतील तर कोणताही मेसेज फारसा उपयोगी पडत नाही. सलॉनची जागा बदलली असेल तर नवा पत्ता हेच पुरेसं कारण आहे. माझ्याकडे कार्ड नीट भरलेली असतात म्हणून पुढचं जमतं. तुमच्या रजिस्टरमध्ये नुसती नावं आणि रकमा असतील तर आधी दोन्ही स्टायलिस्टना शेजारी बसवून प्रत्येक नावासमोर त्यांना आठवतं ते लिहून घ्या. कोण कधी यायची, काय करून घ्यायची, शेवटी काय बोलणं झालं. स्टायलिस्टना आश्चर्य वाटेल इतकं आठवतं.

आता एक उदाहरण पूर्ण घेऊ. समजा एक क्लायंट दर सहा आठवड्यांनी रूट टच-अपला यायच्या, नोकरी सुटल्यावर, संध्याकाळी. कार्डावर शेड नंबर, डेव्हलपर सहा टक्क्यांचा, साधारण निम्मे केस पांढरे. शेवटच्या भेटीनंतर त्यांनी एकदा फोन करून सातची वेळ मागितली होती आणि तेव्हा तुम्ही सातला बंद करत होता. त्यानंतर सहा महिने काही नाही.

या सहा महिन्यांत काय काय झालेलं असू शकतं? घरी रंग लावत असतील. दुसऱ्या सलॉनमध्ये जात असतील. किंवा रंग लावणंच सोडून दिलं असेल आणि पांढरे केस वाढू देत असतील. तिन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि मेसेज असा हवा की तिन्हींपैकी कोणत्याही बाईला तो वाचून खोटं बोलावंसं वाटू नये. 'टच-अपची वेळ झाली!' हे वाक्य पहिल्या दोघींना पकडल्यासारखं वाटतं आणि तिसरीला तर सरळ टोमणा वाटतो. केस किती वाढले असतील हे आपल्याला हिशेबाने कळतं, सहा-सात सेंटिमीटर. पण तो हिशेब आपल्या वेळापत्रकासाठी आहे, त्यांना ऐकवण्यासाठी नाही. मेसेजमध्ये कुणाच्या केसांबद्दल किंवा त्वचेबद्दल एक शब्दही लिहायचा नाही, हा नियम मी काटेकोर पाळते.

कारण मात्र कार्डावरच सापडतं: सातची वेळ. तुम्ही आता आठवड्यातून दोन दिवस उशिरापर्यंत उघडं ठेवू शकत असाल तर हे त्यांच्या कामाचं आहे आणि खरं आहे. मी लिहिलं असतं ते असं:

> नमस्कार ताई, मी (सलॉनचं नाव) मधून (स्टायलिस्टचं नाव). मंगळवारी आणि गुरुवारी आता आम्ही साडेआठपर्यंत असतो. तुम्ही मागे सातची वेळ विचारली होती, म्हणून कळवते. तुमचं कार्ड माझ्याकडे आहे. मध्ये काही बदललं असेल तरी हरकत नाही, आधी बघून, बोलून मग ठरवू. वेळ हवी असेल तर इथेच लिहा. नको असेल तर उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. असे मेसेजच नको असतील तर 'नको' एवढं लिहा, नाव काढते.

'ताई' हे मी उदाहरणापुरतं लिहिलं. खुर्चीवर बसल्यावर तुम्ही त्यांना मॅडम म्हणत असाल तर इथेही मॅडम, नावाने हाक मारत असाल तर नाव. समोर एक आणि मेसेजमध्ये दुसरं झालं की तो छापील वाटतो. सही सलॉनची नको, त्यांचे केस हाताळणाऱ्या व्यक्तीची हवी.

'मध्ये काही बदललं असेल तरी हरकत नाही' हे वाक्य या मेसेजमधलं सर्वात महत्त्वाचं. घरी लावलेला रंग, दुसरीकडचा कट, वाढू दिलेले पांढरे केस, सगळं त्यात मावतं आणि एकाचंही नाव घ्यावं लागत नाही. 'आधी बघून, बोलून' म्हणजे यायचं म्हणजे लगेच काही करून घ्यायचं असं बंधन नाही. आणि उत्तर न देण्याची मोकळीक उघडपणे दिलेली आहे. ती दिल्याने उत्तरं कमी होतील अशी धास्ती वाटते. मला तसं दिसलेलं नाही. मोकळीक दिली की 'आत्ता नको, पुढच्या महिन्यात सांगते' अशी साधी उत्तरं येऊ लागतात.

एक गोष्ट मी मुद्दाम वगळली आहे. पहिल्या कच्च्या मसुद्यात अशा ठिकाणी हमखास 'तुमच्या शेडची नोंद माझ्याकडे आहे' असं येतं. पण फोन टेबलावर पडलेला असतो, मेसेजच्या सुरुवातीच्या ओळी पडद्यावर दिसतात आणि शेजारी घरचं किंवा ऑफिसमधलं कुणी असतं. आपण रंग लावतो हे सगळ्यांनाच सांगायचं असतं असं नाही. केस गळण्यावरचे उपचार, वॅक्सिंग, पांढरे केस झाकणं यांपैकी काहीही मेसेजमध्ये येऊ नये. 'तुमचं कार्ड' म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळतं. हाच न्याय इतर माहितीलाही लागतो: त्यांनी स्वतः तोंडाने सांगितलेलं किंवा विचारलेलं लिहावं, आपण बघून टिपून ठेवलेलं लिहू नये. सातची वेळ त्यांनी विचारली होती, म्हणून ती चालते. 'तुमची शेवटची भेट अमुक तारखेला होती' हे पाळत ठेवल्यासारखं वाटतं आणि वर महिने मोजून दाखवल्यासारखंही.

'बरेच दिवस झाले', 'विसरलात का', 'आम्ही वाट बघतोय', 'शेवटचे तीन दिवस', रडका चेहरा, हे सगळं काढा. मुदत घालायची असेल तर ती खरी असली पाहिजे, उदाहरणार्थ एखादी स्टायलिस्ट खरोखरच महिन्याच्या शेवटी सुटीवर जाणार असेल.

तुमच्याकडे वेळा वाढवायला माणसंच नसतील, नवं काही नसेल, तर काय कारण द्यायचं? रंगाच्या क्लायंटसाठी मी पॅच टेस्टचं कारण देते, मेसेजमध्ये रंगाचं नाव न घेता, कारण ती खरंच लागते. रंगातल्या घटकांची ॲलर्जी आधी कधीही त्रास न झालेल्या माणसालाही नव्याने होऊ शकते, आणि काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतला असेल तर धोका वाढतो. म्हणून बऱ्याच अंतराने रंग लावायचा तर 48 तास आधी टेस्ट करायची. पाच मिनिटांचं काम, पैसे नाहीत, खुर्चीवर तासभर बसणं नाही. ज्यांना अवघडल्यासारखं होतंय त्यांना अशी छोटी पहिली भेट फार सोपी जाते. मात्र त्या पाच मिनिटांत पॅकेज विकायला लागलात तर तो सापळा ठरेल.

सवलतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सरसकट सूट देऊ नका. वेळ न मिळाल्यामुळे थांबलेल्या बाईंना सवलतीचा उपयोग नाही. नाराज झालेल्यांना ती अपुरी वाटते. जी फक्त सवलतीसाठी येते ती पुढच्या सवलतीपर्यंत पुन्हा दिसत नाही. शिवाय दर सहा आठवड्यांनी पूर्ण पैसे देऊन येणाऱ्या तुमच्या क्लायंटला मैत्रिणीकडून हे कळतंच, आणि मग न येण्याचा फायदा होतो असा धडा तिला मिळतो.

अपवाद एकच, जिथे पैसा हेच कारण असावं असं कार्ड सांगतं. त्याची खूण अशी की भेटींमधलं अंतर हळूहळू वाढत गेलेलं असतं, सहाचे आठ, आठचे अकरा आठवडे, आणि बरोबरीने आधी फेशियल बंद झालेलं असतं, मग ब्लो-ड्राय. अशा वेळी तेच काम स्वस्तात देण्यापेक्षा छोटं काम देऊ करा. दोन पूर्ण टच-अपच्या मध्ये फक्त भांग आणि कपाळा-कानाजवळची कड रंगवून देणं. पांढरे केस सगळ्यात आधी तिथेच दिसतात, रंग थोडा लागतो, वेळ कमी जातो आणि पूर्ण टच-अप काही आठवडे पुढे ढकलता येतो. मेसेजमध्ये 'परवडत नसेल तर' असं चुकूनही नको. 'मधल्या वेळेसाठी आता एक छोटी सेवा सुरू केली आहे, हवी असेल तर सांगते' एवढंच पुरे, तपशील त्यांनी विचारल्यावर.

पाठवण्याची पद्धतही उत्तरांवर परिणाम करते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली असेल तर लक्षात घ्या की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. फोन बदललेल्या, नंबर पुसून टाकलेल्या बाई नेमक्या याच यादीत जास्त असतात. तेव्हा तुमच्या मेसेजला 'फारसं कुणी आलं नाही' यातला काही भाग न पोचण्याचाही असेल. एकेकीला स्वतंत्र पाठवा. एसएमएस पाठवत असाल तर देवनागरीत एका मेसेजमध्ये 70 अक्षरचिन्हंच बसतात, रोमन लिपीत 160. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचीही प्रत्येकी एक जागा मोजली जाते, म्हणजे 'नमस्कार' या शब्दाला सात जागा. वरचा मेसेज एसएमएसने पाठवला तर त्याचे बरेच तुकडे होतील आणि तितक्याचे पैसे पडतील. तिथे नाव, नवी वेळ आणि 'नको असल्यास कळवा' एवढंच ठेवा.

एका दिवशी तितकेच पाठवा जितक्यांना त्याच आठवड्यात वेळ देता येईल. शंभर जणींना पाठवून वीस जणींनी 'हो' म्हटलं आणि त्यांना 'तीन आठवड्यांनी या' सांगावं लागलं, तर सातची वेळ नाकारण्याचाच प्रकार पुन्हा घडला. सकाळी सलॉन उघडल्यावर, पहिली क्लायंट येण्याआधी मी पाच-सहा पाठवते आणि उत्तरं तासाभरात स्वतः देते.

उत्तरांचं म्हणाल तर 'आता दुसरीकडे जाते' असं आलं की 'कळवलंत, बरं वाटलं. नाव काढते.' आणि पूर्णविराम. तिकडे काय आवडलं, इकडे काय चुकलं, हे विचारायचं नाही. 'बघते' आलं की पाठपुरावा करायचा नाही. 'मागच्या वेळी रंग लवकर उतरला' असं आलं तर ती सर्वात मोलाची उत्तरं. तिथे बचाव न करता 'एकदा दाखवायला या, आमच्याकडून राहिलं असेल तर पैसे न घेता नीट करून देते' असं लिहा, आणि ते पाळा. काहीच उत्तर आलं नाही तर आणखी फार तर एक मेसेज, दोन-तीन महिन्यांनी, आणि तोही सांगण्यासारखं नवं काही असेल तरच.

त्या बाई दारात आल्या की अर्धं काम तुमच्या स्टायलिस्टच्या हातात असतं. 'कुठे होतात इतके दिवस?' आणि 'हे कुणी कापलं?' ही दोन वाक्यं प्रेमाने म्हटली तरी मेसेजमधून काढलेला सगळा अवघडपणा परत आणतात. पण एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो असा: 'शेवटचा रंग किंवा मेंदी साधारण कधी लागली होती?' कुणाकडे, का, ते नाही. घरी लावलेल्या काही रंगांत आणि मिश्र मेंदीत धातूंचे क्षार असतात आणि डेव्हलपरशी त्यांची प्रतिक्रिया होऊन केस खराब होऊ शकतात. शंका असेल तर आधी एका बटेवर करून बघा. शिवाय रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत. घरी गडद झालेली शेड जुन्या कार्डावरच्या नंबरने परत येणार नाही, हे आधीच सांगितलं पाहिजे.

आणि त्यांच्यासाठी नेहमीचा तास पुरणार नाही. टाळूच्या गरमीमुळे टाळूलगतच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर रंग लवकर काम करतो. सहा-सात सेंटिमीटर वाढलेल्या केसांना एकदम रंग फासला तर मुळाशी उजळ, तांबूस पट्टा उठतो. म्हणून आधी मधला भाग, मग मुळं, असं दोन टप्प्यांत करावं लागतं. नोंदवतानाच जास्त वेळ धरा आणि जास्त पैसे होणार असतील तर काम सुरू करण्याआधी आकडा सांगा. परत आलेली क्लायंट बिल बघून दचकली तर तिसऱ्यांदा तिला कोणताही मेसेज आणणार नाही.

मेसेज चालला की नाही हे पहिल्या भेटीवरून ठरवू नका. त्या बाई त्यांच्या नेहमीच्या अंतराने, न बोलावता, पूर्ण पैसे देऊन दुसऱ्यांदा आल्या का, ते बघा. यादी लांब असेल तर एक आड एक नावांना आत्ता पाठवा आणि उरलेल्यांना दोन महिन्यांनी. त्या दोन महिन्यांत न पाठवलेल्यांपैकीही काही जणी आपणहून येतात. तेवढ्या वजा केल्यावर जो फरक राहील तो मेसेजचा. छोट्या यादीत एक-दोन जणींनी हा हिशेब इकडचा तिकडे होतो, तेव्हा निष्कर्ष काढायची घाई नको. 'नको' लिहिणाऱ्या किती, हे मात्र पहिल्या दिवसापासून मोजा. पाच-सहाच्या एका गटात दोन 'नको' आले तर पुढचे पाठवणं थांबवा आणि ती नावं यादीत कशी आली ते कार्ड उघडून तपासा.